निमुळत्या बादलीचे घनफळ: सरासरी व्यास की शंकुछेदाचे सूत्र?

वरचा आतील व्यास 30 सेंमी, तळाचा 20 सेंमी आणि उभी उंची 30 सेंमी असलेल्या बादलीला 25 सेंमी सरासरी व्यासाचे नळकांडे मानले, तर घनफळ 14.73 लिटर येते. शंकुछेदाचे सूत्र मात्र 14.92 लिटर देते.

```
V = πh(D² + Dd + d²)/12
```

सरासरीची पद्धत नेहमी कमीच दाखवते, कारण रुंद भागाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ही तूट πh(D−d)²/48 इतकी, म्हणजे येथे जेमतेम 0.2 लिटर असते. दोन्ही व्यास बाहेरून मोजल्याने अर्धा सेंमी जास्त धरले गेले, तर याहून मोठी, सुमारे 0.6 लिटरची चूक होते. त्यामुळे अशा बादलीसाठी मला सरासरी पुरेशी वाटते. व्यास 40 आणि 10 सेंमी असतील, तर मात्र सरासरी तेच 14.73 लिटर सांगते, प्रत्यक्षात 16.49 लिटर मावतात, आणि तेथे सूत्रच वापरावे.