पाळीची तारीख आठवत नसेल तेव्हा: ड्युबोविट्झ, न्यू बॅलार्ड की पार्किन?

आईला शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही, पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नाही आणि बाळ समोर आहे. वजन १६५० ग्रॅम. हे ३२ आठवड्यांचं, वयाच्या मानाने ठीकठाक बाळ की ३७ आठवड्यांचं, पोटात खुरटलेलं बाळ? वजनाचा काटा दोघांना एकच आकडा देतो. पहिल्याला ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ अजून जमणार नाही, बहुधा नळीने दूध द्यावं लागेल. दुसरं कदाचित स्तनावर नीट ओढेल, पण पहिल्या दोन दिवसांत त्याची साखर घसरू शकते, रक्त दाट असू शकतं. म्हणून अंग पाहून आणि हातपाय हलवून वय ठरवायचं, आणि त्यासाठी कुठला तक्ता धरायचा हा प्रश्न.

वापरात मुख्यतः तीन पर्याय दिसतात. १९७० चा ड्युबोविट्झ: ११ बाह्य खुणा, १० स्नायू-प्रतिक्षेपाच्या चाचण्या. १९७९ च्या बॅलार्डची १९९१ मध्ये सुधारलेली आवृत्ती, म्हणजे न्यू बॅलार्ड: सहा आणि सहा. आणि १९७६ चा पार्किन: कातडीचा रंग, कातडीचा पोत, स्तनाची गाठ आणि कानाचा कडकपणा, एवढ्या चारच गोष्टी.

कागदावर अचूकतेत ड्युबोविट्झ थोडा पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. सोनोग्राफीशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांच्या २०१७ मधल्या एकत्रित आढाव्यात ९५ टक्के बाळांचं वय ड्युबोविट्झने सुमारे २.६ आठवड्यांच्या आत सांगितलं, बॅलार्डने सुमारे ३.८ आठवड्यांच्या आत. खुणा जास्त असल्या की एकेका खुणेची चूक पातळ होते, इतकं साधं कारण त्यामागे आहे. बाळ निरोगी असेल, खोली उबदार असेल, हाताशी वीस मिनिटं असतील आणि हात सरावलेला असेल, तर ड्युबोविट्झ वापरणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

माझी अडचण त्यातल्या दोन चाचण्यांपाशी आहे. एकीत बाळाला हातांना धरून उठतं करायचं आणि डोकं किती मागे पडतं ते पाहायचं. दुसरीत छातीखाली तळवा घालून बाळाला पालथं हवेत धरायचं आणि पाठ, मान, हातपाय कसे लोंबतात ते पाहायचं. आता ज्या बाळाचं वय खरोखर जाणून घ्यायचं असतं ते कसं असतं? नाकात सीपॅप, नाभीत नळी, हाताला सलाईन, वर वॉर्मर. त्याला उचलून पालथं धरणं कुणालाच रुचत नाही, आणि रुचूही नये. मग या दोन चाचण्या गाळल्या जातात आणि बेरीज तशीच सूत्रात जाते. ड्युबोविट्झचं सूत्र असं:

```
वय (आठवडे) = ०.२६४२ × गुण + २४.५९५
```

गाळलेल्या चाचण्यांचे समजा सहा गुण बुडाले, तर उत्तर दीड आठवड्याने खाली येतं, आणि कागदावर त्याचा मागमूस राहत नाही. अचूकतेची सगळी आघाडी तिथेच संपते. माझ्यापुरता निर्णय या एका कटकटीने केला.

न्यू बॅलार्डमध्ये या दोन्ही चाचण्या नाहीत. स्नायूंच्या सगळ्या चाचण्यांत बाळ उताणंच राहतं. त्याचं सूत्रही तोंडी येतं:

```
वय (आठवडे) = २४ + ०.४ × गुण
```

म्हणजे पाच गुणांना दोन आठवडे. गुण उणे १० पासून ५० पर्यंत जातात, म्हणजे २० ते ४४ आठवडे. आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते: दोन्ही भागांचे कमाल गुण २५-२५ असे सारखे आहेत. त्यामुळे एक भाग करता आला नाही तर दुसऱ्याची दुप्पट करून अंदाज बांधता येतो, आणि दोन्ही केले असतील तर त्यांची आपसात तुलना करता येते. अधिकृत उत्तर बेरजेचंच. दुप्पट ही फक्त पडताळणी, पण बऱ्याचदा तीच काहीतरी शिकवून जाते.

वर म्हटलेलं १६५० ग्रॅमचं बाळ घेऊ. मुलगी, १४ तासांची, स्वतः श्वास घेणारी. कातडी कोरडी, भेगाळलेली, शिरा क्वचित दिसतात: ३. लव पाठीवर जागोजागी गेलेली: ३. तळपायाच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावर घड्या: ३. कान घडी घातली की लगेच उलटतो: ३. पण स्तनाग्राभोवतीचा भाग सपाट, खाली गाठ लागत नाही: १. आणि बाहेरचे भगोष्ठ बारीक असल्याने शिस्निका उठून दिसते: १. बाह्य खुणांची बेरीज १४. स्नायूंच्या सहा चाचण्यांत प्रत्येकी ३, म्हणजे १८. एकूण ३२, म्हणजे ३६.८ आठवडे.

आता दोन भाग वेगळे वाचा. बाह्य खुणांची दुप्पट केली तर ३५.२ आठवडे, स्नायूंची केली तर ३८.४. तीन आठवड्यांचा फरक पडला कुठे? स्तनाची गाठ आणि भगोष्ठ या दोन ठिकाणी. दोन्हींचा आकार चरबीवर अवलंबून, आणि पोटात उपाशी राहिलेल्या बाळाकडे चरबी नसते. ही दोन्ही घरं ३-३ असती तर बाह्य बेरीज १८ झाली असती, स्नायूंशी तंतोतंत जुळली असती. म्हणजे फरक वयाचा नाही, पोषणाचा आहे. मी कागदावर ३७ आठवडे, दोन आठवडे मागेपुढे, असं लिहीन. त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ३५ आठवड्यांना धरलं, तरी १६५० ग्रॅम कमीच ठरतात. मग वय नेमकं किती याची चिंता सोडून साखर तपासायला लागावं.

पार्किन इथेच कमी पडतो. चार खुणांपैकी एक स्तनाची गाठ, म्हणजे खुरटलेल्या बाळाला चौथा हिस्सा आधीच चुकीचा. दोन कातडीच्या, आणि त्यातला रंग तर सावळ्या बाळात पहिल्या दिवशी ठरवणं अवघडच. दोन मिनिटांत होतो, बाळाला हात जवळजवळ लागत नाही, हे त्याचे खरे गुण. खूप आजारी बाळासाठी, किंवा जिथे प्रशिक्षित हात नाहीत तिथे, काहीच न करण्यापेक्षा तो बरा. तरी अशा वेळीही मी न्यू बॅलार्डचा बाह्य भाग करून दुप्पट करणं पसंत करतो, कारण त्यात तळपाय आणि लवही मोजली जाते.

न्यू बॅलार्ड निवडला की चुका बहुतेक ठरलेल्या जागी होतात. तळपाय सगळ्यात आधी पाहा, पहिल्या १२ तासांत जमलं तर उत्तम. नंतर कातडी सुकते आणि सुकल्याच्या रेषा घड्यांसारख्या दिसू लागतात. बोटांकडून टाचेकडे कातडी हलकेच ताणा: खरी घडी राहते, वरवरची सुरकुती पुसट होते. लवेतही एक फसवणूक आहे. अगदी अपुऱ्या बाळाला लव नसतेच, तिथे गुण उणे १. पूर्ण दिवसांच्या बाळाचीही बहुतेक झडलेली असते, तिथे गुण ४. दोन्ही पाठी गुळगुळीत, पण एकाची कातडी चिकट, पारदर्शक, दुसऱ्याची जाड, त्यामुळे लव कातडीशी ताडून वाचावी.

गुडघ्याच्या कोनात सर्वाधिक गडबड होते. मांडी पोटावर टेकवायची, कंबर अंथरुणावर सपाट ठेवायची आणि अडखळेपर्यंत पाय हळू सरळ करायचा. मांडीमागच्या स्नायूंवर आपली बोटं दाबली गेली की पाय लवकर अडतो, कोन लहान दिसतो आणि बाळ उगाच प्रौढ ठरतं. टाच कानाकडे नेताना उलटं होतं: कंबर उचलली गेली की टाच डोक्याच्या जास्त जवळ जाते आणि गुण कमी मिळतात. पाय वर ताणलेल्या पायाळू बाळात या दोन चाचण्या पहिल्या दिवशी भरवशाच्या नसतात. एक-दोन दिवसांनी पुन्हा कराव्यात. हाताच्या उसळीसाठी दोन्ही कोपरं दुमडून पाच सेकंद धरायची, मग हात पूर्ण सरळ करून सोडायचे. धरून न ठेवताच सोडलं तर उसळी मंद दिसते.

आणि स्नायूंचे गुण बाह्य गुणांपेक्षा बरेच खाली असतील, तर आधी बाळंतपणाचा कागद पाहा. आईला मॅग्नेशियम सल्फेट किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का, बाळ जन्मतः गुदमरलं होतं का? तसं असेल तर ढिलेपणा वयाचा नसून त्या औषधाचा किंवा आघाताचा असतो. अशा वेळी बाह्य भागावर तात्पुरतं वय लिहावं आणि २४ ते ४८ तासांनी स्नायूंचा भाग पुन्हा करावा. तक्ता ९६ तासांपर्यंत चालतो, पण २६ आठवड्यांखालचं बाळ वाटलं तर १२ तासांच्या आत करावा.

न्यू बॅलार्डचा दोषही सांगून ठेवतो. फार अपुऱ्या बाळांना तो थोडं मोठं ठरवतो, खुरटलेल्यांना थोडं लहान. ड्युबोविट्झ यातून पूर्ण सुटलेला आहे असं नाही. म्हणून केस पेपरवर नुसते 'बॅलार्ड ३२' लिहू नये. 'बाह्य १४, स्नायू १८, १४ तासांनी, स्तन व भगोष्ठ चरबीअभावी कमी' इतकं लिहिलं, तर पुढच्या पाळीच्या डॉक्टरला आकडा कुठून आला ते कळतं आणि पुन्हा तपासायची वेळ आली तर नेमकं काय पाहायचं तेही.