दहा लिटरचा सिलिंडर की सात लिटरचा? रात्रभराच्या ऑक्सिजनचा हिशेब

घरातील रुग्णाला डॉक्टरांनी रात्री झोपेत मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन द्यायला सांगितले आहे आणि सिलिंडर निवडायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत. पहिला १० लिटर जलक्षमतेचा असून १५० बार दाबापर्यंत भरता येतो, तर दुसरा ७ लिटरचा, आकाराने आटोपशीर, पण २०० बारपर्यंत भरता येणारा आहे. जलक्षमता म्हणजे रिकाम्या सिलिंडरमध्ये मावणारे पाणी. हा आकडा सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेला असतो आणि तो कधी बदलत नाही.

आत मावणारा वायू ढोबळमानाने जलक्षमता गुणिले दाब एवढा असतो, म्हणजे पहिल्यात १५०० लिटर आणि दुसऱ्यात १४०० लिटर. मात्र सिलिंडर तळापर्यंत रिकामा करायचा नसतो. शेवटचे २० बार राखीव ठेवावेत, कारण दाब फार उतरला की रेग्युलेटरमधून मिळणारा प्रवाह भरवशाचा राहत नाही आणि सिलिंडर बदलायलाही थोडा वेळ हाताशी लागतो. तेव्हा हिशेब असा करावा:

(भरलेला दाब − राखीव दाब) × जलक्षमता ÷ मिनिटाचा प्रवाह = मिनिटे

पहिल्या सिलिंडरसाठी १३० × १० ÷ २, म्हणजे ६५० मिनिटे किंवा १० तास ५० मिनिटे येतात. दुसऱ्यासाठी १८० × ७ ÷ २, म्हणजे ६३० मिनिटे किंवा साडेदहा तास. आठ तासांच्या रात्रीला कागदावर दोन्ही पुरतात आणि फरक अवघ्या २० मिनिटांचा दिसतो, म्हणून बरेच जण आकाराने लहान असलेला सिलिंडर घेऊन मोकळे होतात.

माझ्या मते खरी निवड इथूनच सुरू होते. जलक्षमता धातूत ठरलेली असते. दाब मात्र प्रत्येक वेळी भरणाऱ्यावर अवलंबून असतो. भरण्याच्या ठिकाणची यंत्रणा १५० बारपर्यंतच जाणारी असेल, तर सात लिटरच्या सिलिंडरमध्ये राखीव सोडून ९१० लिटर वायू उरतो आणि तो ७ तास ३५ मिनिटांत संपतो, म्हणजे पहाटे, घरातली माणसे गाढ झोपेत असताना. उलट दहा लिटरचा सिलिंडर १२० बारपर्यंतच भरून आला, तरी तो ८ तास २० मिनिटे चालतो. याचा अर्थ १० लिटरचा सिलिंडर १५० बारच्या वर भरून घ्यावा असा अजिबात नाही. ठोकलेल्या कार्यदाबाची मर्यादा ओलांडणे धोक्याचे आहे. त्याच खांद्यावर चाचणीदाबाचा मोठा आकडाही असतो, बहुधा कार्यदाबाच्या दीडपट. तो हिशेबात धरला, तर हातात नसलेले कित्येक तास कागदावर दिसू लागतात.

वजनाच्या बाबतीतही आकार पाहून फसायला होते. दाब वाढला की भिंत जाड करावी लागते, त्यामुळे एकाच प्रकारच्या पोलादाचे आणि जवळजवळ तेवढाच वायू मावणारे दोन सिलिंडर वजनाला साधारण सारखेच भरतात. लहान सिलिंडर कमी जागा व्यापतो, एवढाच त्याचा फायदा.

गेजवरचा आकडा केव्हा वाचला, यालाही महत्त्व आहे. वायू भरताना सिलिंडर तापतो. ४५ अंश सेल्सिअसला २०० बार दाखवणारा काटा सिलिंडर २५ अंशांवर आल्यावर १८७ च्या आसपास येतो. वायू कुठेही गेलेला नसतो. आधीचा आकडाच उष्णतेने फुगलेला असतो. सात लिटरच्या सिलिंडरमध्ये या १३ बारची किंमत ४५ मिनिटे आहे, म्हणून दाब सिलिंडर निवल्यावरच नोंदवावा.

वापर सुरू झाल्यावर काटा किती वेगाने उतरायला हवा, हेही आधी काढून ठेवता येते. तासाला १२० लिटर जातात, म्हणून दहा लिटरच्या सिलिंडरचा काटा तासाला १२ बार आणि सात लिटरच्या सिलिंडरचा सुमारे १७ बार खाली येतो. पहिल्या तासातच तो २५-३० बार उतरला, तर फ्लोमीटर नीट लावला आहे का ते आधी पाहावे. तो बरोबर २ वर असेल, तर जोडणीत गळती आहे असे समजावे. अशा वेळी सांध्यांना तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकते.

डॉक्टरांनी प्रवाह ३ लिटरवर नेला, तर पूर्ण भरलेला पहिला सिलिंडर ७ तास १३ मिनिटे आणि दुसरा बरोबर ७ तास चालेल. म्हणजे रात्रीला एकटा कोणताच पुरणार नाही आणि दुसरा भरलेला सिलिंडर शेजारी ठेवावा लागेल. प्रवाह २ लिटरच राहणार असेल आणि प्रत्येक वेळी २०० बार भरून मिळण्याची खात्री नसेल, तर मी दहा लिटरचाच घेईन.