मोबाइलवर व्हिडिओचा दर्जा ऑटो ठेवावा की 480p ठरवून द्यावा?

ऑटो सेटिंग नेटचा वेग आणि पुढचा किती भाग आधीच उतरवून ठेवलाय हे पाहतं. तुमचा किती डेटा शिल्लक आहे, हे त्याला कळतच नाही. म्हणून गंमत अशी की नेट जितकं चांगलं, तितका डेटा लवकर संपतो.

हिशेब करून पाहा. 480p ला सेकंदाला साधारण 1 मेगाबिट लागतात असं धरलं, तर तासाला 450 एमबी होतात. ऑटोने 1080p वर उडी मारून 4 मेगाबिट घेतले, तर तेवढ्याच तासाला 1.8 जीबी! हातात 1 जीबी असेल तर पहिल्यात दोन तास निघतात, दुसऱ्यात पाऊण तासही नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर चेहरे, हालचाल 480p मध्ये नीट दिसतात; बारीक अक्षरं मात्र पुसट होतात.

ऑटोची बाजू एकच, पण खरी: नेट कमजोर झालं की ते स्वतःच खाली उतरतं. 480p अडून बसतं आणि चक्र फिरत राहतं. तसं झालं तर 360p करा.

यूट्यूबच्या मोबाइल ॲपमध्ये एका व्हिडिओसाठी निवडलेला दर्जा पुढच्याला लागू होत नाही. माझी पसंती 480p लाच, पण तिथे ते दरवेळी निवडावं लागतं.