सोनेतारण कर्जाची जाहिरात: शब्द बदलावेत की वाक्य नव्याने लिहावे?

पतसंस्थेच्या सोनेतारण कर्जाची जाहिरात रिक्षावरच्या भोंग्यातून गावात फिरवायची आहे आणि हाती आलेला मजकूर असा आहे: “आपल्या आकस्मिक आर्थिक निकडीच्या परिपूर्तीसाठी सुवर्णालंकारांच्या तारणावर द.सा.द.शे. 9 टक्के व्याजदराने अविलंब कर्जसुविधा उपलब्ध करून देण्यात येत आहे. अलंकारांचे मूल्यांकन आपल्या उपस्थितीतच करण्यात येईल.” या मजकुराचे काय करायचे, हे ठरवणाऱ्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे जड शब्द काढून सोपे घालणे आणि दुसरी म्हणजे तीच गोष्ट बोलणाऱ्याच्या तोंडून नव्याने मांडणे.

पहिल्या वाटेने गेल्यास पहिले वाक्य असे होते: “तुमची अचानक आलेली पैशांची गरज पूर्ण करण्यासाठी सोन्याच्या दागिन्यांच्या तारणावर वर्षाला 9 टक्के व्याजाने लगेच कर्जाची सोय उपलब्ध करून दिली जात आहे.” हे काम दहा मिनिटांत होते, संस्थेच्या संचालकांना आपला मूळ मजकूर ओळखू येतो आणि त्यामुळे मंजुरीही लवकर मिळते. मात्र सांगाडा तोच राहतो. क्रियापद शेवटी येईपर्यंत ऐकणाऱ्याला पाच-सहा तुकडे मनात धरून ठेवावे लागतात, आणि कर्ज देणारा माणूस तर वाक्यात कुठे दिसतच नाही. छापील पत्रकावर वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, म्हणून तिथे हे एक वेळ चालते. पण रिक्षा एव्हाना पुढच्या चौकात गेलेली असते.

दुसऱ्या वाटेने तोच मजकूर असा होईल: “मुलीच्या कॉलेजची फी भरायचीय? घरातले दागिने घेऊन आमच्याकडे या. तुमच्यासमोर वजन करतो, खडे वजा करून निव्वळ सोनं किती ते सांगतो आणि त्यावर सोनेतारण कर्ज देतो. व्याज वर्षाला शंभराला 9 रुपये. म्हणजे 50 हजार घेतले, तर महिन्याचं व्याज 375 रुपये.” इथे “करण्यात येईल”च्या जागी “करतो” आले आणि “सोने”चे “सोनं” झाले, पण याहून मोठा फरक असा की, खडे वजा करण्याची गोष्ट आणि महिन्याचा आकडा मूळ मजकुरात नव्हताच. पुस्तकी वाक्याला कर्ता नसला आणि नेमकी रक्कम नसली, तरी ते पूर्ण वाटते. बोलीतल्या वाक्यात मात्र ही उणीव लगेच उघडी पडते. म्हणून या वाटेने जाताना संस्थेत सोने तपासणाऱ्याशी आणि कर्जखाते सांभाळणाऱ्याशी बोलावेच लागते, आणि खरा वेळ त्यातच जातो.

इथे चुकाही वेगळ्या होतात. 375 रुपयांचा आकडा व्याज दरमहा भरले आणि मुद्दल तेवढेच राहिले, तरच बरोबर ठरतो. व्याज मुद्दलात मिळवले जात असेल, तर तो वापरू नये. “अविलंब” या शब्दाचे बोलीत सहज “अर्ध्या तासात” होऊन जाते, आणि मग ते लेखकाने संस्थेच्या वतीने दिलेले वचन ठरते. मी या मसुद्यात तो शब्दच गाळला आहे. कर्ज त्याच दिवशी हातात मिळते, असे कर्जविभाग खात्रीने सांगत असेल, तर “त्याच दिवशी” असे लिहावे. अटींचे वाक्य जाहिरातीच्याच भाषेत असावे, अशी ॲस्कीची, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषदेची, अपेक्षा आहे. तेव्हा मजकूर मराठी आणि अटी इंग्रजीत, अशी विभागणी करू नये.

संस्कृत शब्द दिसला की तो काढायचा, ही कसोटीही फसवी आहे. “तारण” हा शब्द पतसंस्थेच्या पायरीवर सगळे वापरतात. उलट “गहाण” अधिक बोलीतला असूनही त्यात सावकारी आणि नामुष्की यांची छटा आहे, आणि चारचौघांत भोंग्यावरून “दागिने गहाण ठेवा” असे ऐकणे कोणालाही आवडणार नाही. म्हणून मी “सोनेतारण” ठेवेन आणि “सुवर्णालंकार” काढेन. याच कारणाने “लई भारी कर्ज” असली सलगीही टाळेन, कारण दागिने दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्याला समोर जबाबदार माणूस हवा असतो.

भोंगा, रेडिओ आणि मोबाइलवरचा ध्वनिसंदेश यांसाठी माझी निवड निःशंकपणे दुसरी वाट आहे. पत्रकाला पहिली पुरते, मात्र लांब वाक्य दोन-तीन ठिकाणी तोडावे. करारनामा आणि अटींचा कागद यांना हात लावू नये, कारण तिथे शब्द बदलला की अर्थाची जबाबदारीही बदलते. दोन्ही मसुदे तयार असतील, तर मजकूर आधी न पाहिलेल्या एखाद्या ग्राहकाला ते एकेकदाच ऐकवावेत आणि व्याज किती, सोबत काय न्यायचे आणि वजन कोणासमोर होणार, हे विचारावे. “सोन्यावर काहीतरी देतायत” एवढेच उत्तर आले, तर तो मसुदा ध्वनिमुद्रणाला पाठवू नये.