कपाटातला ओढून खाली येणारा रॉड: 4 फूट 10 इंचांवरून नऊ महिन्यांचा अनुभव

माझी उंची 4 फूट 10 इंच. जुन्या कपाटात हँगरचा रॉड 6 फूट 5 इंचांवर होता आणि कपाटाशेजारी प्लॅस्टिकचा स्टूल कायमचा मुक्कामाला. गेल्या वर्षी बेडरूमचं कपाट नव्याने केलं, तेव्हा सुतारकाकांना पहिल्याच दिवशी सांगितलं की या वेळी स्टूल नको. त्यांनी एका खणात लिफ्टवाला रॉड बसवायचं सुचवलं. म्हणजे दोन बाजूंना स्प्रिंगचे दोन हात, मध्ये रॉड आणि रॉडला लोंबणारा दांडा. दांडा ओढला की कपड्यांसकट रॉड पुढे झुकत खाली येतो. सात हजारांना पडला. नऊ महिने वापरलाय, त्यामुळे आता बरं-वाईट दोन्ही सांगता येईल.

आधी साध्या रॉडबद्दल, कारण खरा फायदा तिथेच झाला. भिंतीला टेकून हात सरळ वर केला की माझी मूठ 5 फूट 11 इंचांपर्यंत जाते. म्हणून मी काकांना 5 फूट 9 सांगणार होते. ते म्हणाले, "ताई, भिंतीवर नका मोजू. रॉड कपाटात फूटभर आत असतो." त्यांनी जुन्या कपाटाच्या तोंडाशी मला उभं केलं, झाडूची काठी आत आडवी धरली आणि ती हळूहळू खाली आणली. टाचा न उचलता, खांदा न ताणता मूठ पोहोचली ती 5 फूट 5 इंचांवर. आत वाकून हात घातला की सहा इंच असे गायब होतात. शिवाय हँगर काढताना तो रॉडच्या वर दीड-दोन इंच उचलावा लागतो, तेही वजा. रॉड ठरला 5 फूट 3 इंचांवर. माझे कुर्ते 42 इंच लांब, हँगरचा आकडा धरून 46, म्हणजे खाली 17 इंच उरतात. तिथे एक ड्रॉवर बसला. रोजचे सगळे कपडे या खणात आहेत, आणि नऊ महिन्यांत या रॉडबद्दल माझी एकही तक्रार नाही. याला लागला फक्त एक ओव्हल पाइप आणि दोन ब्रॅकेट.

लिफ्ट शेजारच्या तीन फुटी खणात आहे. वर रॉड 6 फूट 8 इंचांवर, खाली नवऱ्याच्या शर्टांसाठी 3 फूट 4 इंचांवर दुसरा साधा रॉड. वरच्या रॉडवर घडी घालून टांगलेल्या साड्या, त्याचे दोन ब्लेझर आणि थंडीचे कपडे. दुकानात रॉड किती उंच लावता येतो तेवढंच दाखवतात. बुटक्या माणसाने दांड्याचं खालचं टोक कुठे येतं ते बघावं. माझ्याकडे ते 5 फुटांच्या थोडं खाली आहे, म्हणून जमतं. आणखी आखूड दांड्याची लिफ्ट असती तर ती ओढायलाच स्टूल लागला असता!

पहिले दोन आठवडे मी वैतागले होते. रिकामा रॉड ओढताना अक्षरशः लोंबकळावं लागायचं, आणि हात सुटला की तो वेगाने वर जायचा. काकांना फोन केला तर ते हसले, म्हणाले, कपडे तरी लावा. स्प्रिंग भाराच्या हिशोबाने असते आणि माझ्या लिफ्टला ती कमी-जास्त करायची सोय नाही. बॅग तोलायच्या काट्यावर मोजून साधारण आठ किलो कपडे लावले आणि रॉड एका हाताने येऊ लागला. डिसेंबरात मात्र उत्साहाने सगळे कोट आणि दोन जड पैठण्या टांगल्या. रॉड वर जाताना अर्ध्यात रेंगाळायला लागला, शेवटचा धक्का द्यायची वेळ आली. कागदावर मर्यादा 12 किलो लिहिलीय. मी तोललं तेव्हा काटा तेराच्या पुढे होता. कोट काढले, रॉड पुन्हा सुरळीत.

खरा घोळ पाचव्या महिन्यात झाला. रॉड खाली आला की डावी बाजू अर्धा इंच खाली दिसायची आणि साड्यांचे हँगर सरकून तिकडे गोळा व्हायचे. वर जाताना डावीकडून 'टक्' असा आवाज. आधी वाटलं, लिफ्टच खराब आहे. काकांनी येऊन बघितलं तर डाव्या ब्रॅकेटचे स्क्रू सैल. दोष निम्मा माझा, निम्मा पलंगाचा. रॉड खाली येतो तेव्हा कपाटाच्या तोंडापासून जवळजवळ 20 इंच बाहेर येतो. आमच्या कपाट आणि पलंगामध्ये जागा आहे 27 इंच. समोर उभं राहायला जागाच नाही, म्हणून मी पाच महिने डावीकडे उभी राहून दांडा तिरका ओढत होते. सगळा पीळ एकाच ब्रॅकेटवर.

त्यात ब्रॅकेट थेट बाजूच्या प्लायवर नव्हतं. दाराची बिजागरी आड येऊ नये म्हणून मध्ये 18 मिमीची पट्टी दिली होती, आणि स्क्रू पट्टीतून मूळ प्लायमध्ये जेमतेम शिरलेले. आता लांब स्क्रू आहेत, आणि डावी बाजू मधलीच फळी असल्यामुळे तिथे आरपार दोन बोल्ट. पलंग सहा इंच सरकवला, त्यापायी खिडकीकडची छोटी टेबलं गेली. (सासूबाईंना ती आवडायची, त्यामुळे आठवडाभर घरात शांतता होती.) त्यानंतर चार महिने रॉड सरळ येतो आहे. नवीन बसवून घेणाऱ्यांनी आधी जमिनीवर खडूने 20 इंचांची रेघ मारावी आणि तिच्या पलीकडे स्वतः उभं राहून बघावं. सरकत्या दारांचं कपाट असेल तर अख्खा रॉड एका दाराच्या उघड्या भागातून बाहेर यायला हवा, नाहीतर ही लिफ्ट बसवताच येणार नाही.

जागाही जाते. आमच्या खणाची आतली रुंदी साडेचौतीस इंच. पट्ट्या आणि हात धरून रॉडला 29 इंचच मिळाले, म्हणजे पाच-सहा हँगर कमी. मधला दांडा कपड्यांचे दोन भाग करतो, तोही पातळ साड्यांत हरवतो. मी त्याला लाल रिबीन बांधलीय. शिवाय लांब गाऊन इथे चालत नाही. खाली आलेला रॉड जमिनीपासून 50 इंचांवर थांबतो, त्यामुळे गाऊनचा घेर फरशीवर लोळतो.

हुकांचं थोडक्यात. दाराच्या आत हुक लावायची हौस सगळ्यांना असते, पण 22 इंच खोल कपाटात हँगर साडेसतरा इंच घेतो, पुढे दोन इंच उरतात. पर्स लावली की दार लागत नाही. पट्टे, ओढण्या एवढंच. माझे हुक 4 फूट 2 इंचांवर आहेत आणि तिथेही चुकले. अडीच मीटरची ओढणी दुहेरी टांगली की 49 इंच होते, म्हणजे टोकं फरशीपासून जेमतेम इंचभर वर राहतात. आता चौपदरी टांगते.

सासूबाईंचा उजवा खांदा धरलेला आहे, हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांच्या खोलीत लिफ्टचा विचारही केला नाही, कारण दांडा ओढायला हात वर न्यावा लागतोच, आणि रॉड परत जाताना तो हाताला वर खेचतो. त्यांना कोपर वाकवून मूठ जिथे सहज जाते तिथे, 3 फूट 10 इंचांवर, हुकांची पट्टी लावली आणि साड्यांचा रॉड 4 फूट 2 इंचांवर. वरच्या रिकाम्या भागात पाहुण्यांच्या गाद्या आहेत. त्या काढायला नवरा आहे, 5 फूट 9.