स्किल मॅट्रिक्सचं सॉफ्टवेअर: एक ऑडिट पार पडल्यावरचा अनुभव

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कास्टिंगच्या कारखान्यात प्रमाणपत्रांचा हिशेब आधी एक्सेलमध्ये असायचा. आता कोणाकडे कोणतं प्रमाणपत्र आहे आणि ते कधी संपतं हे दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. हिरवा, पिवळा, लाल अशा चौकोनांचा तक्ता एका नजरेत कळतो, सुपरवायझरही तो उघडून बघतात. तेवढ्यासाठी पैसे वसूल. पण हिरव्या चौकोनावर डोळे झाकून विसंबू नका.

आमचे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टिंगचे, म्हणजे चुंबकाने कास्टिंगमधल्या भेगा शोधणारे, ऑपरेटर घ्या. आयएसओ 9712 नुसार त्यांचं प्रमाणपत्र 5 वर्षं चालतं, पण जवळच्या दृष्टीची तपासणी दरवर्षी व्हावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये एका प्रमाणपत्राला मुदतीचा रकाना एकच. म्हणजे डोळ्यांची तपासणी राहून गेली तरी चौकोन पुढची काही वर्षं हिरवाच. आम्ही ती तपासणी वेगळं प्रमाणपत्र म्हणून टाकली, मुदत 1 वर्ष. दोन्ही हिरवे असतील तरच माणसाला कामावर लावायचं.

अलर्ट सगळ्यांना सरसकट 30 दिवस आधी येतो. डोळ्यांच्या तपासणीला तेवढं पुष्कळ झालं, ती सोलापुरातच अर्ध्या तासात होते. पण नूतनीकरणासाठी पुण्याची बॅच गाठायची, तर जागा मिळेपर्यंतच महिना जातो. त्यासाठी आम्ही अलर्ट 120 दिवसांवर नेला. सेटिंगमध्ये हे प्रकारानुसार बदलता येतं, फक्त शोधावं लागतं.

बजेटचा रिपोर्ट मात्र कच्चा आहे. खर्च तो मुदत संपण्याच्या महिन्यात धरतो. एप्रिलमध्ये संपणाऱ्या प्रमाणपत्राची फी प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात जाते. शिवाय त्यात फक्त फी दिसते. पुण्याचा प्रवास, मुक्काम, भत्ता आणि मागे राहिलेल्या माणसाचा ओव्हरटाइम कुठेच नाही. अकाउंट्सला द्यायचा आकडा मी अजून हातानेच काढतो.

ऑडिटची खरी गंमत पुढेच. ऑडिटर आजचा तक्ता क्वचितच बघतो. तो जुना टेस्ट रिपोर्ट उचलतो, सही कोणाची ते पाहतो आणि म्हणतो, "त्या तारखेला यांचं प्रमाणपत्र चालू होतं का, दाखवा." नूतनीकरणानंतर जुन्या नोंदीतच नवी तारीख भरली, तर आधीची पुसली जाते आणि मध्ये पडलेला खंड दिसेनासा होतो. म्हणून दर वेळी नवी नोंद करायची, जुनी बंद करायची आणि दोन्हींना स्कॅन जोडायचा. ऑडिटच्या महिनाभर आधी आम्ही स्वतःच असे काही रिपोर्ट काढून तारखा ताडून पाहतो. उणीव खरी सापडते ती तिथे, सॉफ्टवेअरच्या गॅप रिपोर्टात नाही.

त्या गॅप रिपोर्टाची दुसरी अडचण शिफ्टची. "हवेत 3, आहेत 3" असं दाखवून तो मोकळा होतो. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली की तिन्ही पाळ्या तिघांत भागत नाहीत, त्यामुळे "हवेत"मध्ये आम्ही 4 टाकतो.

दहा-पंधरा माणसांच्या युनिटला एक्सेल पुरे. तीन पाळ्या आणि बाहेरचं ऑडिट असेल तर घ्या, पण आधी डेमोत जुन्या तारखेचा तक्ता काढून दाखवायला सांगा.