‘क्रसी’ आणि ‘आर्की’: सत्तेची दोन शेपटे

डेमॉक्रसी आणि मोनार्की हे दोन्ही शब्द राज्यपद्धतीचीच नावे आहेत. मग एकाच्या शेवटी ‘क्रसी’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘आर्की’ का? ‘क्रसी’ ग्रीक ‘क्रातोस’वरून, म्हणजे बळ किंवा सत्ता या अर्थाच्या शब्दावरून आले आहे, तर ‘आर्की’च्या मुळाशी असलेल्या ‘आर्खे’चा अर्थ आरंभ, अग्रस्थान आणि अधिकारपद असा आहे.

‘आर्की’ची जुनी उदाहरणे पाहिली, तर ती बहुधा राज्यकर्त्यांची संख्या सांगतात: मोनार्कीत एक, ऑलिगार्कीत मोजके, ॲनार्कीत कोणीच नाही. ‘क्रसी’ मात्र सत्ता कोणत्या गटाच्या हाती आहे हे सांगते. डेमॉक्रसीत ती ‘डेमोस’च्या, म्हणजे जनतेच्या, आणि ॲरिस्टॉक्रसीत श्रेष्ठांच्या हाती असते. अथेन्समध्ये ‘देमार्खोस’ हे स्थानिक वस्तीच्या प्रमुखाचे पदनाम होते; ‘डेमोस’ला ‘आर्की’ न जोडण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

जोडणीतही फरक आहे. ‘क्रसी’ व्यंजनाने सुरू होत असल्याने तिच्याआधी ‘ओ’ हा सांधणारा स्वर टिकतो, तर ‘आर्की’ स्वराने सुरू होत असल्याने ‘मोनो’तला ‘ओ’ गळतो.

नवे शब्द घडवताना मात्र ‘क्रसी’ अधिक सोयीची ठरली. अठराव्या शतकात फ्रेंच ‘ब्यूरो’ला, म्हणजे कचेरीला, ती जोडून ‘ब्युरॉक्रसी’ हा संमिश्र शब्द तयार झाला. मराठीत या दोन्ही प्रत्ययांचे काम बहुतेक वेळा एकटा ‘शाही’ करतो: लोकशाही, राजेशाही, नोकरशाही.